पैसे कापले, तिकीट नाही: चिडलेल्या ग्राहकाला चॅटवर काय लिहावं?

रानजाई | सोमवार, सकाळी 11:20

मी पुण्यातल्या एका बस-बुकिंग साइटच्या सपोर्ट टीमची शिफ्ट सांभाळते. एक चॅट वर चढत चढत माझ्यापर्यंत आली आहे आणि आज संध्याकाळच्या आत तिला उत्तर जायला हवं. नाव-नंबर काढून प्रकरण मांडते.

शुक्रवारी, 14 तारखेला रात्री पावणेअकराला त्यांनी पुणे-नागपूर स्लीपरच्या दोन सीट घेतल्या, शनिवार रात्रीच्या गाडीच्या. यूपीआयने 2,840 रुपये खात्यातून गेले, पण आमच्या पानावर 'पेमेंट पेंडिंग' आलं, वेळ संपली आणि सीट सुटल्या. त्यानंतर ते तीन वेळा चॅटवर आले.

शनिवारी: "काल रात्री पैसे कापले, तिकीट नाही. स्क्रीनशॉट जोडलाय. आईला सोमवारी नागपुरात डॉक्टरांना दाखवायचंय, आजच निघायला हवं. सीट आहे की नाही तेवढं सांगा."

रविवारी: "शेवटी दुसरीकडून 3,900 ला तिकीट काढून आलो. माझे पैसे कुठे आहेत? आणि वरचे 1,060 कोण देणार?"

आज सकाळी: "तीन दिवस झाले. 2,840 गिळून बसलात. दर वेळी नवा माणूस आणि तेच उत्तर. मी लिहितो ते वाचता तरी का? चोर आहात तुम्ही. आज पैसे आले नाहीत तर सगळीकडे लिहिणार आणि पोलिसात जाणार."

तिन्ही वेळा आमच्याकडून गेलेलं उत्तर एकच, तयार मजकुरातलं: "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. आपली अडचण आम्ही समजू शकतो. आपली रक्कम 5 ते 7 कामकाजाच्या दिवसांत परत मिळेल. कृपया सहकार्य करावे."

आज सकाळी हे तिसऱ्यांदा गेलं तेव्हा ते इतके भडकले की पुढचा मजकूर इथे देत नाही. माफीची आणखी गोड वाक्यं मला नको आहेत. राग खाली येईल, भाषा कामाची राहील आणि मोघमपणा उरणार नाही, असं उत्तर कसं लिहायचं?

कोकणकडा | 11:41

आधी माफी, आणि ती नीट मागितलेली. चिडलेल्या माणसाला पहिल्या ओळीत माफी दिसली नाही तर पुढचं तो वाचतच नाही.

दुसरं, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे की पैसे अडकले तर दिवसाला 100 रुपये भरपाई. तीन दिवस झाले म्हणजे 300 रुपये त्यांचे झाले. तेवढे आजच देतो म्हणून लिहा. रुपयाचा आकडा दिसला की माणूस शांत होतो, मी दुकानात रोज बघतो.

नाना_मिरजकर | दुपारी 12:05

धागा वाचून बरं वाटलं, कारण मी स्वतः अशाच प्रकरणात अडकलो आहे. वॉशिंग मशीनचा ड्रम बदलून देतो म्हणून एका कंपनीने पैसे घेतले. माणूस येतो म्हणतात आणि येत नाही. चॅटवर गेलं की "आम्ही आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे" एवढंच. विभाग कुठला, तिथला माणूस कोण, कधी बघणार, काही कळत नाही. मी त्यांना कडक शब्दांत काय लिहावं म्हणजे ते जागे होतील? मसुदा कोणी करून देईल का?

तिसरा_प्रहर | 12:30

रानजाई, भाषेकडे नंतर येऊ. तुमच्या पोस्टमध्ये ते 2,840 रुपये या क्षणी कुठे आहेत हेच नाही. गेटवेच्या डॅशबोर्डवर त्या ऑर्डरसमोर काय दिसतंय? आणि स्क्रीनशॉटमधला यूटीआर नंबर, तो बारा आकडी, टाकून कोणी शोधलं आहे का?

मी पेमेंटच्या तक्रारी आणि चॅटची तपासणी ही दोन्ही कामं बरीच वर्षं केली आहेत. अशी प्रकरणं बहुतेक वेळा याच टप्प्यावर बिघडतात. उत्तर लिहिणाऱ्याला पैसे कुठे आहेत ते माहीत नसतं, म्हणून तो दिलगिरी लिहितो.

नाना, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण वाऱ्यावर सोडत नाही. ऑनलाइन घेतलेली सेवा असेल तर त्या साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिनाभरात तक्रार निकाली काढायची असते. तिथे हललं नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. कडक शब्दांची गरज नाही. पैसे दिल्याची तारीख, रक्कम, आणि माणूस येणार म्हणून सांगितलेल्या पण कोणी न आलेल्या तारखा, एवढं ओळीने लिहा.

रानजाई | 12:52

आत्ता बघितलं. गेटवेवर 'फेल' आहे. यूटीआर टाकून शोधलं, आमच्या सेटलमेंटमध्ये ही रक्कम आलेली नाही. हे याआधी कोणी बघितलं नव्हतं, कारण तयार मजकूर पाठवायला ते बघावं लागत नाही.

तिसरा_प्रहर | दुपारी 1:25

आता लिहिता येईल. खात्यातून पैसे गेले पण तिकीट नाही, यात तीन शक्यता असतात आणि तिन्हींची उत्तरं वेगळी होतात.

पहिली, पैसे तुमच्यापर्यंत पोचलेच नाहीत. तुमचं प्रकरण हे आहे. इथे तुम्ही परत देण्यासारखं काही नाही. ग्राहकाच्या खात्यात रक्कम आपोआप उलटी फिरते आणि ते काम बँकांच्या बाजूला होतं. दुसरी, पैसे उशिरा पोचले. तुमच्या पानाची वेळ संपली, सीट सुटल्या आणि नंतर पेमेंट यशस्वी झालं. तेव्हा चेंडू पूर्णपणे तुमच्याकडे असतो. परतावा तुम्ही सुरू करायचा आणि त्याचा संदर्भ क्रमांक ग्राहकाला द्यायचा. तिसरी, तिकीट निघालेलं असतं, फक्त मेसेज जात नाही. या तिघांना '5 ते 7 दिवस' हे एकच उत्तर देणं म्हणजे किमान दोघांना चुकीची माहिती देणं.

एक सावधगिरी. आज 'फेल' दिसणारं पेमेंट नंतर 'सक्सेस' झालेलं मी पाहिलं आहे. म्हणून उत्तर पाठवायच्या आधी डॅशबोर्ड पुन्हा उघडा.

आता कोकणकडा म्हणतात तो नियम. तो खरा आहे, पण अर्धा. रिझर्व्ह बँकेचं ते परिपत्रक 20 सप्टेंबर 2019 चं. यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून गेले पण दुकानदाराकडे पुष्टी आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम परत यायला हवी. दिवसाचे 100 रुपये त्या पाच दिवसांनंतर सुरू होतात. माणसाने माणसाला पाठवलेल्या पैशांना ही मुदत एकच दिवस आहे. बहुधा तिथूनच गोंधळ होतो. शिवाय ही भरपाई बँकेच्या बाजूने, ग्राहकाने न मागता खात्यात जमा व्हायची असते. त्यामुळे आज 300 रुपये कबूल करणं दोन्हीकडून चूक.

आणि यातच एक गोष्ट आहे जी तुमच्या टीममध्ये कोणी मोजलेली दिसत नाही. परिपत्रकातले दिवस कॅलेंडरचे आहेत, कामकाजाचे नव्हेत. व्यवहार 14 चा, म्हणजे मुदत 19, बुधवार. तुमचा मजकूर '7 कामकाजाचे दिवस' म्हणतो. शनिवार-रविवार सोडून मोजलं तर ती तारीख 25 येते. सहा दिवस जास्त सांगून तुम्ही त्या माणसाला चिडवलं आहे, आणि तेसुद्धा ज्या पैशाला तुमचा हात लागलेला नाही त्यासाठी.

कोकणकडा | 1:40

पाच दिवसांचं माहीत नव्हतं, मान्य. पण माफी पहिल्या ओळीत हवी, हे माझं मत कायम आहे.

सावली | 2:10

मी रात्रपाळीत चॅट करते. वरचं सगळं बरोबर आहे, पण एकाच वेळी तीन चॅट उघड्या असतात आणि प्रत्येकीवर घड्याळ चालू असतं. डॅशबोर्ड बघा, यूटीआर शोधा, जुन्या चॅट वाचा, हे करायला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ गप्प राहिलं तर समोरचा दर अर्ध्या मिनिटाला 'हॅलो' लिहितो आणि शेवटी शिवी येते. म्हणून पोरं पटकन तयार मजकूर टाकतात. त्यांना कळत नाही असं नाही.

मी काय करते ते सांगते. पहिलाच मेसेज असा जातो: "मी तुमच्या शनिवारच्या आणि रविवारच्या चॅट वाचते आहे आणि 2,840 रुपयांचा व्यवहार आमच्याकडे कुठे दिसतो ते तपासते आहे. मला दहा मिनिटं लागतील. तुम्ही थांबलात तर इथेच सांगते, नाहीतर ईमेलवर लिहिते." दहा मिनिटं सांगितली तर आठव्या मिनिटाला पुन्हा एक ओळ टाकायची, काम झालेलं नसलं तरी. यात माफी नाही, समजूत नाही. तरी बहुतेक जण इथेच थोडे खाली येतात, कारण त्यांनी लिहिलेलं कोणीतरी वाचलं याचा पुरावा त्यात असतो: वार आहे, आकडा आहे.

आणि जे आधी दिलं आहे ते पुन्हा मागायचं नाही. स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी आला आहे. 'कृपया व्यवहाराचा तपशील द्या' असं आज गेलं तर सगळं संपलं.

रानजाई | 3:05

सगळ्यांचं वाचून मसुदा केला आहे:

"नमस्कार. झालेल्या त्रासाबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत. आपली रक्कम आमच्याकडे आलेली नसून ती बँकेकडे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ती 19 तारखेपर्यंत परत येईल. तरीही न आल्यास कृपया आपल्या बँकेशी संपर्क साधावा. आपण वापरलेल्या शब्दांबद्दल आम्हाला खेद वाटतो. आमची कंपनी सर्व नियम पाळते."

तिसरा_प्रहर | 3:40

तारीख आली, त्यामुळे आधीच्यापेक्षा बराच पुढे आहे. पण हा पाठवू नका. चार ठिकाणी अडतो.

"19 तारखेपर्यंत परत येईल" हे वचन तुमच्या हातातलं नाही. बँकेने उशीर केला तर 20 तारखेला खोटे तुम्ही ठराल. मुदत 19 ची आहे असं लिहा, आणि 19 ला तुम्ही स्वतः काय करणार ते लिहा. आपल्या हातात जे आहे त्याचंच वचन द्यायचं: तपासणं, कळवणं, पत्र देणं.

"बँकेशी संपर्क साधावा" ही ओळ म्हणजे हात झटकणं, निदान वाचणाऱ्याला तसंच दिसतं. बँकेत जाऊन त्याने काय सांगायचं? तुम्ही त्याला एक पत्र द्या, कंपनीच्या ईमेलवरून: अमुक ऑर्डर, अमुक यूटीआर, 2,840 रुपये, ही रक्कम आम्हाला मिळालेली नाही आणि या ऑर्डरवर तिकीट दिलेलं नाही. हे पत्र हातात असलं की बँकेच्या काउंटरवर 'दुकानदाराला विचारा' म्हणून त्याला परत पाठवणं अवघड होतं. ते आजच पाठवून ठेवा, लागेल न लागेल.

शेवटची दोन वाक्यं पूर्ण काढा. 'चोर' या शब्दाला उत्तर द्यायचं नाही, पोलिसांच्या धमकीलाही नाही. नाराजी दाखवली की चर्चा पैशांवरून शिष्टाचारावर जाते आणि तिथे कोणीच जिंकत नाही.

आणि सर्वांत मोठी गोष्ट, जी मसुद्यात नाहीच. त्याने रविवारी सरळ विचारलं होतं, वरचे 1,060 कोण देणार? तेव्हापासून तुमच्याकडून कोणी त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. आज तो 'वाचता तरी का' म्हणतो ते यावरूनच. 2,840 आज ना उद्या येतील हे त्यालाही आतून माहीत असावं. 1,060 येणार की नाही हे त्याला माहीत नाही, आणि तुम्ही गप्प आहात. तुमचं धोरण काय आहे?

रानजाई | 3:58

धोरणात भाड्यातला फरक देण्याची तरतूद नाही. म्हणूनच मुलं त्या वाक्याला हात लावत नाहीत. 'नाही' म्हटलं की आणखी भडकतील ही भीती.

तिसरा_प्रहर | 4:10

'नाही' ऐकून माणूस एकदा भडकतो. उत्तरच न मिळाल्याने तो दर चॅटला भडकतो. तुमच्या अधिकारात नसेल तर तसं लिहा, आणि ज्याच्या अधिकारात आहे त्याच्याकडे मागणी आजच्या तारखेला नोंदवून क्रमांक द्या. 'बघतो', 'प्रयत्न करतो' असं लिहून आशा लावू नका.

पायरीवरचा_वकील | 4:25

एक सावधानता. "आमची चूक झाली" असं लेखी देऊ नका. पैसे बँकांच्या मध्ये अडकले आहेत, साइटकडे आले नाहीत. उद्या ग्राहक आयोगात हीच चॅट जोडली जाईल. दिलगिरी व्यक्त करणं आणि दोष कबूल करणं यात फरक ठेवा.

दुसरं, तो पोलिसात जाईन म्हणतो त्यावर गप्प राहा हे ठीक, पण तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल त्याच उत्तरात द्या. तो त्याचा हक्क आहे. न मागता दिलं तर लपवाछपवीचा संशयही राहत नाही.

सावली | 4:40

वकीलसाहेब, पैशांबाबत तुमचं बरोबर. पण तीन वेळा तेच उत्तर पाठवणं ही तर साइटचीच चूक आहे ना? ती कबूल करायला काय हरकत? 'त्रासाबद्दल दिलगीर' यात माफी कशाची ते कळतच नाही. "तुम्ही तीनदा लिहिलंत आणि तिन्ही वेळा आम्ही न तपासता एकच उत्तर पाठवलं, त्याबद्दल माफ करा," ही माफी एका नेमक्या गोष्टीची आहे, आणि खरी आहे.

पायरीवरचा_वकील | 4:52

'न तपासता' हे दोन शब्द मी अशिलाला कधीच लिहू देणार नाही. सेवेतली त्रुटी स्वतःच्या हाताने लिहून दिल्यासारखं आहे.

तिसरा_प्रहर | 5:05

मी सावलीच्या बाजूचा आहे. चॅटचा रेकॉर्ड ग्राहकाकडे आहेच. तिन्ही उत्तरं शब्दशः सारखी आहेत हे कोणालाही दिसेल. पण कंपनीच्या वकिलाने काढायला सांगितलं तर काढा, तेवढ्यावर अडू नका.

कोकणकडा, माफीच्या जागेबद्दल: मी ती दुसऱ्या ओळीत ठेवेन. पहिल्या ओळीत पैसे कुठे आहेत ते. त्याचा प्रश्न तोच आहे.

कोकणकडा | 5:12

आणि आईंच्या तब्येतीची चौकशी? मी तरी केली असती.

सावली | 5:18

मीही करते, एका ओळीत. आपल्याकडे ते साहजिक आहे.

तिसरा_प्रहर | 5:26

समोर भेटल्यावर जरूर. पण ज्यांच्या तिकिटामुळे आईची फरफट झाली त्यांनीच चौथ्या चॅटमध्ये 'आई कशा आहेत' विचारलं तर ते टोचू शकतं. डॉक्टरांकडे वेळेत पोचण्यासाठी त्याला महाग तिकीट घ्यावं लागलं, ही गोष्ट नोंदवा. तिथेच थांबा. यावर मतभेद राहू शकतो, मला मान्य आहे.

रानजाई | संध्याकाळी 6:15

हे पाठवलं. पाठवायच्या आधी डॅशबोर्ड पुन्हा बघितला, 'फेल'च होतं. 'न तपासता' आमच्या कायदेशीर विभागाने काढायला लावलं, बाकी तसंच आहे. नाव आणि क्रमांक इथे गाळले आहेत.

"नमस्कार. मी या शिफ्टची प्रमुख आहे आणि यापुढे तुमचं प्रकरण मीच बघणार आहे. तुमचे 2,840 रुपये आमच्यापर्यंत पोचलेले नाहीत. तुमच्या स्क्रीनशॉटमधल्या यूटीआर क्रमांकावरून मी ते आज दोनदा तपासलं. आमच्याकडे हा व्यवहार अयशस्वी दिसतो. अशी रक्कम तुमच्याच खात्यात आपोआप परत येते.

तुम्ही तीनदा लिहिलंत आणि तिन्ही वेळा आमच्याकडून एकच उत्तर आलं. त्याबद्दल माफ करा. त्यात सांगितलेली मुदतही बरोबर नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्यवहारानंतर पाच दिवस, म्हणजे बुधवार 19 तारीख, ही शेवटची मुदत आहे. त्यात शनिवार-रविवारही धरलेले आहेत. 19 नंतर उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये बँकेच्या बाजूने तुमच्या खात्यात जमा व्हायला हवेत, त्यासाठी अर्ज लागत नाही.

तोपर्यंत तुम्हाला काही करायचं नाही. रक्कम आम्हाला मिळालेली नाही असं पत्र आत्ताच तुमच्या ईमेलवर पाठवलं आहे. 20 तारखेला सकाळी 11 वाजता मी तुम्हाला इथेच लिहीन. पैसे आलेले नसतील तर ते पत्र आणि यूटीआर क्रमांक घेऊन बँकेत तक्रार कशी नोंदवायची ते मी सांगेन.

तुम्ही रविवारी विचारलं होतं की वरचे 1,060 रुपये कोण देणार. आईंना वेळेत डॉक्टरांकडे नेण्यासाठी तुम्हाला 3,900 चं तिकीट घ्यावं लागलं हे मी नोंदवलं आहे. भाड्यातला फरक देण्याचा अधिकार मला नाही आणि आमच्या सध्याच्या धोरणात तशी तरतूद नाही. तुमची मागणी मी आज तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे नोंदवली आहे. क्रमांक आणि त्यांचा ईमेल खाली आहे. तुम्ही त्यांना थेटही लिहू शकता."

सावली | 6:30

चांगलं झालंय. अजून एक गोष्ट, चॅटमध्ये नाही पण ईमेलमध्ये घाला. ते 'सगळीकडे लिहिणार' म्हणाले आहेत. लोक कंपनीच्या पानाखाली स्वतःच्या मोबाइल नंबरसकट तक्रार टाकतात आणि तासाभरात 'आम्ही कंपनीकडून बोलतोय, रिफंडसाठी ही लिंक उघडा' असा फोन येतो. पैसे परत येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, एवढं लिहा. चॅटमध्ये लिहिलंत तर 'लिहू नका' म्हणून दटावल्यासारखं होईल.

रानजाई | 6:34

घातलं.

घाटमाथा | रात्री 8:50

धागा आत्ता बघितला. इथे निदान 'चोर'पर्यंतच आहे. आमच्याकडे आई-बहिणीवरून सुरुवात होते. तेव्हाही हेच करायचं का?

सावली | 9:20

नाही. 'चोर', 'फसवे' हे कंपनीला असतं, ते सोडून द्यायचं. अंगावर आलं तर एकदाच सांगायचं: "मला तुमचं काम पूर्ण करायचं आहे. असे शब्द पुन्हा आले तर ही चॅट मी बंद करेन आणि उत्तर ईमेलवर देईन." पुन्हा आलं तर खरंच बंद करायची, आणि ईमेल खरंच पाठवायचा. चॅट बंद झाली म्हणून तक्रार बंद होत नाही.

नाना_मिरजकर | मंगळवार, सकाळी 10:15

तिसरा प्रहर यांनी सांगितल्याप्रमाणे तारखा ओळीने लिहून ईमेल केला. कोणी न आलेल्या तारखा एकूण चार निघाल्या. रानजाईताई, तुमच्या उत्तरातलं "यापुढे मीच बघणार आहे" हे वाक्य मला कोणी लिहिलं असतं तर मी निम्मा शांत झालो असतो.

रानजाई | गुरुवार, सकाळी 11:30

कळवायला आले. सोमवारी त्या मेसेजवर त्यांचं उत्तर आलं, "ठीक. 20 ला बघतो." बाकी काही नाही. मंगळवारी रात्री पैसे त्यांच्या खात्यात परत आले, ते त्यांनीच चॅटवर लिहिलं आणि खाली विचारलं, "1,060 चं काय झालं?" मी आज ठरल्याप्रमाणे 11 वाजता लिहिलं.

वरून पुढच्या प्रवासावर 500 रुपयांची सूट द्यायला परवानगी मिळाली होती. त्यांनी घेतली नाही. त्यांचं म्हणणं, मला पुन्हा तुमच्याकडून जायचंच नाही तर सूट कशाला. भाषा मात्र साधी होती. मागणी आता तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे आहे.

तयार मजकुरातली '5 ते 7 कामकाजाचे दिवस' ही ओळ काढून तिथे व्यवहाराची तारीख अधिक पाच अशी जागा ठेवायला सांगितलं आहे. टूलमध्ये ती तारीख आपोआप येईल का, की मुलांनी हाताने मोजायची, हे तंत्र विभागाने अजून कळवलेलं नाही.

तिसरा_प्रहर | 11:55

आपोआप करणार असतील तर आधी गेटवेवरची स्थिती बघूनच ती ओळ उघडेल असं करून घ्या. पेमेंट उशिरा यशस्वी झालेल्या प्रकरणात ही तारीख गेली तर पुन्हा चुकीचंच उत्तर जाईल, कारण तिथे परतावा तुम्ही सुरू करायचा आहे. आणि त्या 1,060 वर अधिकाऱ्याची पोच 48 तासांत गेली का तेही बघा. मागणी तुम्ही सोमवारी नोंदवली होती.

रानजाई | दुपारी 12:10

पोच गेलेली दिसत नाही. आत्ता त्यांच्या टेबलापाशी जाते आहे.